भिंतीवरचं घड्याळ आणि बारीकसारीक शोभेच्या वस्तू: किती मोठं घ्यायचं, कुठे लावायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथे मी आपल्याकडचा नेहमीचा फ्लॅट धरलाय, म्हणजे दहा बाय पंधराचा हॉल, साडेनऊ फुटाच्या आसपास सिलिंग, सात फुटी दरवाजे, एक थ्री सीटर सोफा आणि समोर टीव्ही. बंगलेवाल्यांनी आपापल्या भिंतीप्रमाणे आकडे वाढवून घ्या. मापं इंचातच दिलीत, कारण घड्याळ आणि फ्रेमच्या दुकानात आजही इंचच चालतात.

भिंतीवर फार काही नाहीये तरी गिचमिड वाटते, असं का होतं?

कारण आपण फक्त शोभेच्या वस्तू मोजतो आणि बिल्डरने आणि इलेक्ट्रिशियनने आधीच लावून ठेवलेलं काहीच मोजत नाही. एकदा हॉलच्या दारात उभं राहून भिंतीवर काय काय आहे ते कागदावर लिहून काढा, ट्यूबलाइट, स्विचबोर्ड, एसी आणि त्याचा पाइप, पडद्याचा रॉड, वायफायचा डबा आणि त्याची लोंबणारी वायर, बेलचा खोका, एमसीबीचं झाकण. हे सगळं डोळ्याला दिसतंच, आपण त्याला सरावलेलो असतो इतकंच. त्यावर पाच-सहा लहान वस्तू, प्रत्येक वेगळ्या उंचीवर, कारण जिथे आधीचा खिळा होता तिथे ती टांगली गेली. मग होतं काय की डोळा एका जागी थांबतच नाही.

म्हणजे वस्तू किती आहेत यापेक्षा भिंतीवर वेगवेगळे थांबे किती आहेत हे बघायचं. सहा फ्रेम नीट जवळजवळ लावल्या तर तो एकच थांबा होतो आणि तीन फ्रेम तीन कोपऱ्यात लावल्या की तीन थांबे. दहा फुटी भिंतीवर ट्यूबलाइट धरून दोन, फार तर तीन थांबे ठीक दिसतात, त्याच्या पुढे गेलं की भिंत नोटीस बोर्डासारखी व्हायला लागते.

ओळखायचं कसं? दारातून मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की कुठे काळे-पांढरे ठिपके विखुरलेत ते लगेच कळतं, आणि घरातल्यांशी वादही घालावा लागत नाही, फोटोच दाखवायचा.

घड्याळ किती इंची घ्यावं?

आधी ते कुठून बघणार ते ठरवा. ढोबळ हिशोब असा की दहा फुटावरून आरामात वाचायचं असेल तर आकडा साधारण एक इंच उंच हवा, पंधरा फुटावरून दीड इंच. बाजारातल्या बारा इंची घड्याळाचे आकडे बहुतेक वेळा एक इंचाच्या आसपास असतात, त्यामुळे बेडरूमला किंवा किचनला बारा इंची पुरतं, पण हॉलच्या एका टोकाला लावून दुसऱ्या टोकाहून बघणार असाल, आणि घरात चष्मेवाले आजी-आजोबा असतील, तर चौदा ते सोळा इंची घ्या.

आता हे झालं वाचण्याचं, दिसण्याचं गणित वेगळं. घड्याळ ज्या मोकळ्या तुकड्यावर लावणार त्या तुकड्याच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढं घड्याळ असलं की ते बरोबर वाटतं. मोकळा तुकडा म्हणजे अख्खी भिंत नाही हं, दरवाजा, कपाट, पडद्याचा गोळा वगैरे वजा करून जे उरतं ते. पन्नास इंचाचा तुकडा असेल तर तेरा ते सतरा इंच. त्याच जागी दहा इंची लावलं तर ते चुकून राहिल्यासारखं दिसतं आणि मग लोक ते भरून काढायला बाजूला एक फुलपाखरू चिकटवतात, खाली एक किचेन होल्डर लावतात, आणि तिथून गिचमिड सुरू होते. माझं मत विचाराल तर गिचमिडीची सुरुवात बऱ्याचदा छोट्या घड्याळानेच होते, मोठ्याने क्वचित.

घेण्याआधी भिंतीवर माप बघायला जेवणाचं मोठं स्टीलचं ताट घ्या, ते साधारण बारा इंचाचं असतं, पट्टीने एकदा मोजून घ्या. मोठ्या मापासाठी वर्तमानपत्र गोल कापा आणि मास्किंग टेपने चिकटवून दोन दिवस राहू द्या. सेलोटेप नको, रंग निघतो.

ऑनलाइन २४ इंची म्हणून मागवलं आणि आलं ते लहान वाटतंय, फसवणूक झाली का?

फसवणूक असेलच असं नाही, माप कशाचं होतं ते बघायचं राहिलं असेल. सूर्यकिरणांसारख्या काड्या असलेली, पानांची, मोराच्या पिसाऱ्याची जी मेटलची घड्याळं मिळतात त्यांचं माप एका काडीच्या टोकापासून दुसऱ्या काडीच्या टोकापर्यंत असतं. आतली डायल आठ-नऊ इंचच निघते. म्हणजे भिंत अडते चोवीस इंच आणि वेळ वाचायला मिळते नऊ इंचाच्या घड्याळाची. त्यामुळे दोन मापं विचारा, पूर्ण रुंदी आणि डायल. जागेच्या हिशोबाला पूर्ण रुंदी धरा, वाचण्याच्या हिशोबाला डायल.

आणि हे काड्यांचं घड्याळ स्वतःच शोभेची वस्तू आहे, त्यामुळे त्याच्या आजूबाजूला काही लावायचं नाही, अगदी काहीच नाही. फ्रेमच्या घोळक्यात तर अजिबात नको, काड्यांची टोकं फ्रेमच्या कडांकडे रोखलेली दिसतात आणि सगळंच टोचतं.

अजून एक म्हणजे जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका. बऱ्याच फोटोत भिंत आणि सोफा कॉम्प्युटरवर बसवलेला असतो, आणि बारा इंची घड्याळ सोफ्याच्या अर्ध्या रुंदीचं दिसतं. टेप काढा आणि स्वतःच्या भिंतीवर मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

घड्याळ सोफ्याच्या वर मधोमध लावू का? तिथेच जागा आहे.

जागा आहे पण बघणार कोण? सोफ्यावर बसलेल्याच्या डोक्यामागे घड्याळ, म्हणजे ज्याला वेळ बघायची त्याला मान वळवावी लागणार. पाहुण्यांना मात्र छान दिसतं, समोरच्या खुर्चीवरून, आणि मग ते सारखं तिकडे बघतायत असं आपल्याला वाटत राहतं, हा भाग वेगळा.

शिवाय सहा-साडेसहा फुटाच्या सोफ्यावर एकटं बारा-चौदा इंची घड्याळ हरवूनच जातं. सोफ्याच्या वर जे काही असेल ते सगळं मिळून सोफ्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त, दोन तृतीयांशापर्यंत हवं. हे काम फ्रेमचं आहे, घड्याळाचं नाही.

घड्याळाची जागा ठरवताना घरात वेळ कधी कधी बघितली जाते ते आठवा. सकाळी डबा भरताना, चपला घालताना, मुलांची व्हॅन यायच्या वेळी, टीव्ही बघता बघता. यातल्या निदान दोन जागांवरून एकाच घड्याळाकडे नजर गेली पाहिजे, आणि ती भिंत बहुतेक घरात किचनच्या दाराशेजारची किंवा पॅसेजच्या तोंडाची असते. तिथे कोणी काही लावत नाही कारण तो तुकडा भिंत म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

दरवाजाच्या वर लावलं तर? आमच्याकडे वर्षानुवर्षं तिथेच आहे.

असतंच बऱ्याच घरांत. सात फुटी चौकटीच्या वर सिलिंगपर्यंत अडीच फूट उरतात, त्यात घड्याळ बसतं म्हणून बसवलं जातं. अडचणी तीन. एक तर दाराला तोरण असतं, त्याच्या वर गणपतीची फरशी किंवा स्वस्तिक असतं, कधी बेल असते, आणि त्यात अजून एक गोल वस्तू म्हणजे चौकटीच्या वरच दाटी. दुसरं, एवढ्या उंचीवर समोरच्या ट्यूबलाइटची चमक काचेवर पडते आणि संध्याकाळी घड्याळात ट्यूब दिसते, काटे नाही. तिसरं, सेल बदलायला स्टूल आणायचं म्हणून बंद पडलेलं घड्याळ आठ दिवस तसंच राहतं.

उंचीचं सांगायचं तर खाली टेबल किंवा मोकळी जमीन असेल तर घड्याळाचा मध्य जमिनीपासून साठ ते सत्तर इंचांत ठेवा, साडेपाच फूट ही चांगली जागा आहे. फ्रेमपेक्षा थोडं वर चालतं, कारण घड्याळ लांबून आणि मध्ये माणसं उभी असतानाही दिसायला हवं.

काचेवर चमक येणार की नाही हे आधी कसं कळेल?

मोबाइलचा स्क्रीन बंद करा, घरातल्या कोणालातरी तो जिथे घड्याळ लावायचंय तिथे भिंतीला सपाट धरून उभं राहायला सांगा आणि तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागी बसा. काळ्या स्क्रीनमध्ये जे दिसेल तेच उद्या घड्याळाच्या काचेत दिसणार आहे. बाल्कनीचं दार दिसलं तर दुपारभर डायल पांढरीफटक, समोरची भिंत दिसली तर काळजी नाही. ही ट्रायल दिवसा एकदा आणि लाइट लावून एकदा करा. बहुतेक वेळा एक-दीड फूट डावीकडे-उजवीकडे सरकवलं की प्रश्न मिटतो.

बिनकाचेची घड्याळं मिळतात, चमक नसते, पण काट्यांवर धूळ बसते आणि फडकं मारताना काटा वाकतो. हायवेलगत घर असेल तर नकोच. आणि डायल निवडताना काट्यांकडे बघा, पांढऱ्या डायलवर बारीक सोनेरी काटे दुकानात झकास दिसतात, घरी पाच फुटावरून गायब होतात.

एखादी खरी भिंत घेऊन सांगा ना, नुसते आकडे कळत नाहीत.

चिंचवडला माझ्या मावसबहिणीचा हॉल आहे, दहा बाय पंधरा. सोफा पंधरा फुटी भिंतीला. त्या भिंतीवर अकरा वस्तू होत्या, एक दहा इंची घड्याळ ट्यूबलाइटच्या बरोबर बाजूला चिकटून, पाच लहान फ्रेम, लग्नाच्या वेळचा एक फॅमिली फोटो, वारलीच्या दोन लाकडी प्लेट, पितळी मोर आणि पॅसेजच्या कोपऱ्यावर कालनिर्णय. ताईंचं म्हणणं होतं की यातलं टाकायचं काहीच नाही, प्रत्येकाची आठवण आहे, पण भिंत बघून डोकं दुखतं.

आधी मोकळी भिंत काढली. एकूण १८० इंच, त्यातून पॅसेजची उघडी जागा ४२ आणि खिडकीकडे पडदा गोळा होतो ते १२ वजा, राहिले १२६. सोफा ७६ इंच रुंद, त्याची पाठ जमिनीपासून ३३ इंचांवर. म्हणजे वर जे काही लावायचं ते जास्तीत जास्त पन्नास इंचात बसलं पाहिजे.

फॅमिली फोटो बारा बाय अठराचा होता, त्याला भोवती पांढरा माउंट घालून नवीन फ्रेम केली, बाहेरचं माप चोवीस रुंद, अठरा उंच. खर्च एवढाच एक झाला. लहान पाच फ्रेममधल्या चार आठ बाय आठच्या होत्या. मधे मोठा फोटो, दोन्ही बाजूला दोन-दोन लहान एकावर एक, सगळीकडे दोन इंचाची फट. उभ्या दिशेने आठ, दोन, आठ मिळून अठरा, म्हणजे मोठ्या फोटोच्या वरखालच्या कडांशी बरोबर जुळलं. आडव्या दिशेने आठ, दोन, चोवीस, दोन, आठ म्हणजे चव्वेचाळीस. पन्नासपेक्षा सहा इंच कमी, पण काही बिघडत नाही. लांबून बघितलं की पाच फ्रेम नाही, एक रुंद चित्र दिसतं.

उंचीवर थोडी चर्चा झाली. चित्राचा मध्य डोळ्यासमोर, म्हणजे ५७-५८ इंचांवर असावा असं सगळीकडे सांगतात. तसं केलं तर खालची कड ४९ वर येते आणि सोफ्याच्या पाठीपासून सोळा इंच अंतर पडतं, चित्र आणि सोफा एकमेकांचे कोणी लागत नाहीत असं वाटतं. तो नियम मोकळ्या भिंतीचा आहे. सोफा असला की सोफ्यापासून मोजायचं, आठ ते दहा इंच. ताईंकडे दहा ठेवलं कारण त्यांचे मिस्टर मागे डोकं टेकून झोपतात. म्हणजे खालची कड ४३, वरची ६१. मध्य सोफ्याचा धरला, भिंतीचा नाही. ट्यूबलाइट त्यामुळे थोडी एका बाजूला वाटते पण तिच्यापर्यंत दोन-अडीच फूट मोकळे आहेत, खटकत नाही.

घड्याळ त्या भिंतीवरून काढूनच टाकलं. दहा फुटी आडव्या भिंतीला किचनची उघडी जागा ३६ इंच आणि दुसऱ्या टोकाला टीव्हीच्या भिंतीला लागून ३० इंचाचं क्रोकरीचं कपाट, मधे ५४ इंच कोरे, खाली घडीचं डायनिंग टेबल. तिथे सोळा इंची घेतलं. ताईंना ते किचनच्या दाराजवळ हवं होतं, पण मोबाइल धरून बघितलं तर सोफ्यावरून त्यात समोरची बाल्कनी दिसत होती. सव्वा फूट कपाटाकडे सरकवल्यावर बाल्कनीऐवजी टीव्हीकडची कोरी भिंत दिसायला लागली आणि योगायोगाने तोच त्या तुकड्याचा मध्य निघाला. घड्याळाचा मध्य ६६ इंचांवर. मुख्य दारातून, सोफ्यावरून आणि टेबलावरून, तिन्हीकडून दिसतं.

राहिलेल्यात कालनिर्णय किचनमध्ये गेलं, दुधाचा हिशोब तिथेच लिहितात. वारलीच्या प्लेट पॅसेजमध्ये एकाखाली एक. मोर टीव्ही युनिटवर. पाचवी लहान फ्रेम बेडरूममध्ये. काहीच टाकलं नाही, सोफ्याच्या भिंतीवर आता ट्यूबलाइट आणि चित्र असे दोनच थांबे आहेत.

लहान लहान वस्तू खूप आहेत, कोकणातून, राजस्थानातून आणलेल्या. त्या कशा लावायच्या?

पाच इंचाखालची वस्तू एकटी भिंतीवर लावू नका. दहा फुटी भिंतीवर ती डाग दिसते, आणि जवळ जाऊन बघितल्याशिवाय कळतही नाही काय आहे. तिला घर द्या. घर म्हणजे खोल बॉक्स फ्रेम किंवा छोटी फळी.

सावंतवाडीची गंजिफा घ्या. गोल, हाताने रंगवलेले छोटे पत्ते, दशावताराचे. ते एकेक करून घड्याळाभोवती लावलेले मी बघितलेत, आणि ते वाईट दिसतात कारण गोलाभोवती गोल, घड्याळ मोठा पत्ता वाटतं आणि पत्ते छोटी घड्याळं. तेच दहा पत्ते एका चौकोनी बॉक्स फ्रेममध्ये पाच-पाचच्या दोन ओळीत, पत्त्यांत अर्धा-पाऊण इंच आणि कडेला दोन-अडीच इंच मोकळं सोडून बसवा, एक नीट चित्र तयार होतं आणि लोक जवळ जाऊन बघतात. पत्ते गोंदाने चिकटवू नका मात्र, बारीक कोपऱ्यांत अडकवून बसवायला सांगा, फ्रेमवाले करून देतात. उन्हाच्या भिंतीवर नको, रंग उडतो.

लाकडी फळं, पितळी मुखवटे, बाहुल्या अशा उभ्या वस्तूंना फळी बरी, पाच-सहा इंच खोलीची पुरते. फळीवर तीन वस्तू, उंच-मध्यम-बुटकी, आणि फळीचा एक तृतीयांश भाग रिकामा. ही रिकामी जागा टिकवणं हेच अवघड काम आहे, कारण तिथे दोन दिवसात मोबाइलचा चार्जर, औषधाची पट्टी आणि लाइटबिल येतं. म्हणून फळी हाताला सहज लागेल त्या उंचीवर न ठेवता पाच फुटाच्या वर ठेवा, आळशीपणाने आपोआप रिकामी राहते.

बाकीच्या वस्तू कपाटात ठेवून दिवाळीला अदलाबदल करा. सगळं एकदम बाहेर असायलाच हवं असं कोणी सांगितलंय?

घड्याळ फ्रेमच्या घोळक्यातच घेतलं तर चालतं का?

चालतं, पण मग ते घोळक्यातलं एक असलं पाहिजे. म्हणजे साधी गोल किंवा चौकोनी कड, फ्रेमच्याच रंगाची, आणि सगळ्यात मोठ्या फ्रेमपेक्षा लहान. फट बाकीच्यांइतकीच, दोन ते तीन इंच. गोल घड्याळाच्या चार कोपऱ्यांना आपसूक मोकळी जागा पडते त्यामुळे ते मधोमध न घेता एका बाजूला घ्या, नाहीतर सगळा घोळका त्याच्याभोवती फिरतोय असं वाटतं. लंबकवालं घ्यायचंच नाही, हलणारी गोष्ट आली की बाकीच्या फ्रेमकडे कोणी बघत नाही.

घोळक्यात नसेल तर मात्र चांगलं अंतर सोडा. घड्याळाच्या व्यासाच्या निम्मं चारही बाजूंना मोकळं, सोळा इंचीला आठ इंच. दोन इंचही नाही आणि आठ इंचही नाही, पाच-सहा इंचावर काहीतरी आहे, असं जे मधलंच अंतर असतं ना ते सगळ्यात वाईट, एकत्रही वाटत नाही आणि वेगळंही नाही.

टीव्हीच्या शेजारी घड्याळ?

शक्यतो नको. ४३ इंची टीव्ही म्हणजे साडेसदतीस इंच रुंद काळा चौकोन, त्याच्या शेजारी बारा इंची घड्याळ केविलवाणं दिसतं, आणि पिक्चर बघताना काटा फिरताना दिसत राहतो. दुसरी भिंतच नसेल तर टीव्हीच्या वर नाही, बाजूला, टीव्हीच्या वरच्या कडेला घड्याळाची वरची कड जुळवून, आणि टिकटिक न करणारं, सेकंद काटा सलग सरकतो ते घ्या.

आजी-आजोबांचे हार घातलेले फोटो आणि देवाचे फोटो यांचं काय? ते काढता येणार नाहीत.

काढू नका, पण त्यांना शोभेच्या घोळक्यात घुसवू नका. त्यांची वेगळी भिंत किंवा वेगळा तुकडा ठेवा. हार धरून माप घ्या, चंदनाचा हार फोटोच्या खाली पाच-सहा इंच सहज लोंबतो, त्यामुळे खाली लगेच काही लावलं की हार त्यावर येतो. दोन फोटो वेगवेगळ्या मापांचे असतील, आणि असतातच, कारण एक १९७० च्या आसपास स्टुडिओत काढलेला आणि एक मोबाइलवरून मोठा केलेला असतो, तर दोघांना बाहेरून एकाच मापाची फ्रेम करा आणि आत माउंट कमीजास्त करा. डोळे साधारण एका रेषेत आले की झालं, फ्रेमच्या कडांपेक्षा ते जास्त महत्त्वाचं. आणि पूजेच्या फोटोंच्या मधे घड्याळ तर अजिबात नको, विचित्र दिसतं.

वास्तूप्रमाणे घड्याळ उत्तरेला किंवा पूर्वेलाच हवं म्हणतात, तिथे जागा नाही.

घरात मानत असतील तर ती एक अट म्हणून धरा, भांडण कशाला. कंपास लावून बघितलं की बहुतेक घरात उत्तर किंवा पूर्व भिंतीवर दोन-तीन फुटांचा तुकडा सापडतो. तो हॉलमध्ये नसेल तर पॅसेजमध्ये असेल. तीस इंचाच्या तुकड्यावर दहा इंची बसवा. दक्षिणेला घड्याळ नको असंही म्हणतात, मग ती भिंत आपोआप फ्रेमना मोकळी मिळते, फायदाच झाला. बाकी बंद घड्याळ भिंतीवर ठेवू नये हे मात्र वास्तू न मानणाऱ्यांनीही पाळावं.

खिळा नेमका कुठे मारायचा? दरवेळी फ्रेम दोन इंच खाली-वर होते.

खिळ्याची जागा आणि फ्रेमचा मध्य एक नसतो, तिथे घोळ होतो. जमिनीपासून मध्याची उंची घ्या, त्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवा, आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून हुक जेवढा खाली असेल तेवढं वजा करा. ताईंच्या मोठ्या फोटोचं बघा, मध्य ५२, निम्मी उंची ९, हुक कडेपासून २ इंच खाली, म्हणजे ५२ अधिक ९ वजा २, खिळा ५९ वर. दोरी असेल तर ती ताणून मगच मोजा, सैल दोरीवर माप चुकतं. घड्याळाचंही तेच, मागचं भोक कडेपासून किती आत आहे ते मोजून घ्या.

भिंत कसली आहे तेही बघा. विटेच्या भिंतीत स्टीलचा खिळा हलक्या वस्तूला चालतो. नवीन बिल्डिंगमध्ये सिपोरेक्सचे ब्लॉक असतात, त्यात खिळा सहज जातो आणि महिन्याभरात तितक्याच सहज सैल होतो, तिथे ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू लावा. कॉलमवर आलात तर खिळा वाकतो आणि प्लास्टर उडतं, हॅमर ड्रिलच लागतं. आणि स्विचबोर्डच्या सरळ वरच्या किंवा खालच्या रेषेत कधीच ड्रिल करू नका, आतून वायरचा पाइप तसाच उभा गेलेला असतो.

भाड्याचं घर आहे, मालक एकही खिळा मारू देत नाहीत.

मग आधी कोणत्या भिंतीवर जुने खिळे आहेत ते बघा, बहुतेक ठिकाणी दोन-तीन असतातच, पण चुकीच्या उंचीवर. उंच खिळ्यावरून घड्याळ खाली आणायला पट्ट्याचं, म्हणजे वर चामड्याची किंवा दोरीची पट्टी असलेलं गोल घड्याळ घ्या, पट्टी दिसायलाच केलेली असते त्यामुळे खिळा एक फूट वर असला तरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

चिकटणाऱ्या पट्ट्या हलक्या फ्रेमला ठीक, पाकिटावर वजन लिहिलेलं असतं त्याच्या निम्मंच लावा. डिस्टेंपरच्या भिंतीवर त्या रंगासकट निघतात, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात भिंत ओलसर झाली की रात्री दोन वाजता धाडकन आवाज येतो. काचेची वस्तू किंवा घड्याळ पट्टीवर नको. ते भिंतीवर चिकटवायचे आरशाचे सुटे आकडे मिळतात तेही भाड्याच्या घरात टाळा, तीन-साडेतीन फूट जागा अडते, एक आकडा पडला तरी सगळं गेलं, आणि काढताना बारा ठिकाणचा रंग निघतो.

फ्रेम भिंतीवर लावायच्याच नसतील तर टीव्ही युनिटवर किंवा शू रॅकवर मागे टेकवून ठेवा, मोठी मागे, लहान पुढे थोडी तिच्यावर येईल अशी. खाली घसरू नये म्हणून फ्रेमच्या खालच्या कडेला रबराचे छोटे बटण चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात कपाटाच्या दारासाठी मिळतात तेच.